न दिसणारी पट्टी

स्लॅबचं वेळापत्रक मी एक्सेलमध्ये काढते. आमच्यासारख्या दोन-चार बंगल्यांची कामं करणाऱ्यांना त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर परवडत नाही, आणि खरं तर लागतही नाही. आडव्या पट्ट्यांचा जो साधा Stacked Bar असतो, त्यातच हे काम होतं. प्रत्येक कामाला एकाला एक लागून दोन पट्ट्या. पहिलीची लांबी म्हणजे सुरुवातीची तारीख, दुसरीची म्हणजे दिवस. मग पहिलीला No Fill द्यायचं. ती दिसेनाशी होते आणि दुसरी जागच्या जागी तरंगत राहते.

तारीख ही लांबी कशी, हे मला सुरुवातीला पटेना. एक्सेलच्या लेखी तारीख हा निव्वळ आकडा आहे. १ जानेवारी १९०० म्हणजे १, तर १ डिसेंबर २०२५ म्हणजे ४५९९२. म्हणून अक्षाच्या Minimum मध्ये मी ४५९९२ टाकते आणि Major मध्ये ७. महिना सोमवारी सुरू झालेला असल्यामुळे प्रत्येक उभी रेघ सोमवारवर येते. पट्ट्या खालून वर लागतात, त्यासाठी Categories in reverse order वर टिचकी मारली की झालं.

पूर्वी सगळ्या तारखा मी हातानेच टाकायचे. एकदा मालकांसमोर कागद पसरला, तर ते म्हणाले, "मॅडम, स्लॅब भरायचाच नाही वाटतं?" काँक्रीटची ओळ होती, पट्टी नव्हती. ती तारीख मी दुसऱ्याच्या लॅपटॉपवर टाकली होती आणि तो महिना आधी, दिवस नंतर असं वाचणारा. तेरावा महिना नसतो, म्हणून त्याने 13-12-2025 हा निव्वळ मजकूर मानला. मजकुराची लांबी शून्य. म्हणजे एक दिवसाची ती पट्टी १९०० सालात जाऊन पडली होती आणि मी ठोकून ठेवलेल्या Minimum मुळे कागदाबाहेर राहिली होती. तो आकडा ठोकला नसता, तर अक्ष १९०० पासून सुरू होऊन सगळ्या पट्ट्या उजव्या कडेला चेपल्या असत्या आणि चूक लगेच कळली असती. हल्ली मी अक्ष आधी मोकळा सोडून बघते, मग आकडा टाकते. मजकूर झालेली तारीख रकान्यात डावीकडे चिकटते, पण रकाना मध्यावर घेतलेला असेल तर तेही कळत नाही. तेव्हा `=ISNUMBER(B5)` विचारावं. आठ तारीख असती तर त्याहून वाईट झालं असतं: त्याची मुकाट्याने १२ ऑगस्ट झाली असती.

आता हाताने एकच तारीख टाकते, पहिली. सेंट्रिंगला सहा दिवस, सळई बांधायला चार, विजेच्या पाइपांना एक, काँक्रीटला एक. रविवारी सुट्टी. सुरुवात B मध्ये, दिवस C मध्ये, शेवट D मध्ये आणि पट्टीची लांबी E मध्ये:

```
D2: =WORKDAY.INTL(B2-1,C2,11)
E2: =D2-B2+1
B3: =WORKDAY.INTL(D2,1,11)
```

त्यातला 11 म्हणजे फक्त रविवार सुट्टी. आलेखाला B आणि E द्यायचे. घाईत E ऐवजी D दिला तर दोन तारखांची बेरीज होते आणि पट्टी २१५० सालाच्या पुढे जाते.

सेंट्रिंग ६ डिसेंबरला संपतं, सळई ८ ते ११, पाइप १२ ला, काँक्रीट शनिवारी १३ ला. पुढची ओळ टेक्यांची. गाळा साडेचार मीटरहून मोठा, म्हणून आयएस ४५६ प्रमाणे साध्या सिमेंटला टेके निदान चौदा दिवस काढायचे नाहीत. इथे मी बरेच दिवस वरचंच सूत्र खाली ओढत होते. त्यात टेके ३० पर्यंत उभे दिसायचे आणि काढायचे ३१ ला. पण रविवार माणसाला असतो, सिमेंटला नसतो. चौदा दिवस म्हणजे सरळ चौदा दिवस:

```
B6: =D5+1
D6: =B6+C6-1
```

मुदत २७ ला संपते. २८ चा रविवार सोडून २९ ला टेके निघतात. भाड्याच्या प्लेटांचे दोन दिवस वाचले.

एका पट्टीकडून दुसरीकडे बाण मात्र यात निघत नाहीत. मध्येच थांबून पुन्हा सुरू होणाऱ्या कामाला आणखी एक न दिसणारी पट्टी घुसडावी लागते, तोवर तक्ता वाचण्याजोगा राहत नाही. असं काम मी सरळ दोन ओळींत तोडते.

हा कागद मुकादमाला दाखवला. त्याने टेक्यांच्या पट्टीवर बोट फिरवलं आणि दोन ठिकाणी थांबला, १४ आणि २१. "मॅडम, या दोन रविवारी स्लॅबवर पाणी कोण मारणार?"

मी खाली एक ओळ वाढवली.

"माझं नाव नका टाकू हं," तो म्हणाला.