उंट मोठा की घोडा? बर्फातल्या एका चुकीची दुरुस्ती

त्या हिवाळ्यात आम्ही १२,००० फुटांच्या वर होतो. जागेचं नाव लिहीत नाही. जे तिथे राहून आले त्यांना ते लागणार नाही, आणि इतरांना ते सांगून उपयोग नाही. रस्ता बंद झाला की संध्याकाळी बुखारीभोवती दोनच उद्योग उरत, पत्ते आणि बुद्धिबळ. आमचा पट लोहचुंबकाचा, प्रवासी. काळ्यांचा एक उंट कधीच हरवला होता. त्याच्या जागी एक संपलेला पेन्सिल सेल उभा करायचो. पत्र्याचा असल्यामुळे तो पटाला छान चिकटायचा.

सिग्नलचा एक नाईक होता, मूळचा मिरजेचा. रजेवर गेला की गावाकडच्या क्लबात स्पर्धा खेळायचा. सुरुवातीच्या चाली पाठ, दोन-तीन चालींचे डावपेच लगेच दिसणारे. अडचण यायची ती पंधराव्या चालीच्या पुढे, जिथे पाठांतर संपतं. आदल्या वर्षी मी त्याला छातीठोकपणे सांगितलं होतं, "अरे, उंट घोड्यापेक्षा थोडा मोठाच असतो. घोडा देऊन उंट मिळत असेल तर दे." मी स्वतः हे कुणाकडून तरी ऐकलं होतं आणि वीस वर्षं तपासलं नव्हतं.

रजा संपवून तो परतला. बर्फ झटकून बूट काढायच्या आधीच म्हणाला, "साहेब, शेवटची फेरी हरलो. समोरच्याने आपणहून उंट दिला आणि माझा घोडा मारला. मला वाटलं, आपला फायदा झाला. नंतर त्याचा दुसरा घोडा पटाच्या मध्ये येऊन बसला आणि माझा उंट शेवटपर्यंत भिंतीमागे उभा राहिला."

मला वाईट वाटलं. डाव त्याने गमावला होता, पण त्यातला नियम माझा होता. त्या रात्री मी त्याला एक जुना डाव दाखवला. वासिली स्मिस्लोव विरुद्ध रुदाकोव्स्की, मॉस्को, १९४५. हाच स्मिस्लोव पुढे १९५७ मध्ये जगज्जेता झाला. नाईकाची चूक आणि माझी चूक, दोन्ही या एका डावात सापडतात.

घरी पट असेल तर मांडून वाचा. सिसिलियन बचावातून बारा चालींनंतरची स्थिती अशी. पांढऱ्यांचा राजा जी१, वजीर ई१, हत्ती ए१ आणि एफ१, उंट ई२ आणि ई३, घोडा सी३. प्यादी ए२, बी२, सी२, ई४, एफ४, जी२, एच२. काळ्यांचा राजा जी८, वजीर सी७, हत्ती ए८ आणि एफ८, उंट ई७ आणि ई६, घोडा एफ६. प्यादी ए७, बी७, डी६, ई५, एफ७, जी७, एच७. खेळी पांढऱ्यांची.

मी विचारलं, "या पटावर सगळ्यात महत्त्वाचं घर कुठलं?"

त्याने बराच वेळ बघून डी५ वर बोट ठेवलं. बरोबर होतं. मग म्हटलं, "आता गुण मोजू नकोस. त्या घराचे पहारेकरी मोज."

एखादं घर घोड्यासाठी पक्कं आहे की नाही, हे तीन प्रश्नांवरून कळतं. पहिला, शत्रूचं प्यादं त्याला हुसकावू शकतं का? काळ्यांचं सी पट्टीवरचं प्यादं आधीच मारलं गेलं होतं आणि ई पट्टीवरचं ई५ ला गेलं होतं. प्यादं मागे येत नाही. म्हणजे डी५ वर हल्ला करणारं प्यादं आता कधीच येणार नाही. दुसरा प्रश्न, त्या रंगाच्या घरांवरून चालणारा उंट शत्रूकडे आहे का? डी५ पांढरं घर, आणि ई६ वरचा काळ्यांचा उंट पांढऱ्या घरांचाच होता. हा एक पहारेकरी. तिसरा, घोडा आहे का? एफ६ वरचा घोडा डी५ बघत होता. हा दुसरा.

म्हणजे दोन पहारेकरी. स्मिस्लोवने ते एकेक करून उचलले.

तेराव्या चालीत त्याने प्यादं एफ५ ला ढकललं. ई६ वरच्या उंटावर हल्ला झाला. तो सी४ ला गेला. स्मिस्लोवने आपल्या ई२ च्या उंटाने त्याला मारलं, काळ्यांच्या वजिराने परत मारलं. एक पहारेकरी संपला. पंधराव्या चालीत पांढऱ्यांचा उरलेला उंट जी५ वर आला, काळ्यांनी हत्ती ई८ ला नेला, आणि सोळाव्या चालीत त्या उंटाने एफ६ चा घोडा मारला. काळ्यांनी ई७ च्या उंटाने परत मारलं.

नाईक इथेच थांबला. "हेच झालं होतं साहेब. इथेच मी खूश झालो होतो."

कागदावर बघितलं तर काळ्यांकडे उंट आहे, पांढऱ्यांकडे घोडा. माझ्या जुन्या नियमाप्रमाणे काळे पुढे. पण सतराव्या चालीत घोडा सी३ वरून डी५ वर बसला, आणि तिथून त्याला उठवणारं काळ्यांकडे काहीच उरलं नव्हतं. वजीर किंवा हत्ती देऊन घोडा मारायला कोण जाईल?

आता समोरचा उंट बघा. तो काळ्या घरांचा. त्याची स्वतःची प्यादी डी६ आणि ई५, दोन्ही काळ्या घरांवर. डी६ चं प्यादं पुढे सरकलं तर उंटाला वाट मिळेल, पण ते सरकणार कसं? डी५ वर तर घोडा बसलाय. घोडा नुसता सुरक्षित होता असं नाही, त्याने उंटाच्या कोठडीचं दारही अडवलं होतं. या डावातली सगळ्यात मोठी गोष्ट ती हीच. रिकाम्या पटावर मध्यभागी उभा असलेला उंट तेरा घरं बघतो, घोडा आठ. पण उंट जन्मभर एकाच रंगाच्या बत्तीस घरांवर फिरतो. त्याच रंगावर त्याची प्यादी रुतली की तेरा घरांचा हिशोब कागदावरच राहतो.

नाईकाने पेन्सिल सेलकडे बघून म्हटलं, "साहेब, सेल तर आधीच संपलेला आहे."

पुढचं लवकर झालं. काळ्यांचा उंट डी८ ला गेला. पांढऱ्यांनी सी३ आणि बी३ खेळून वजिराला मागे रेटलं, राजा एच१ वर नेला, आणि एकविसाव्या चालीत हत्ती एफ३ वर आणला. काळ्यांचा राजा एच८ ला सरकला. बाविसाव्या चालीत प्यादं एफ६ ला गेलं आणि जी पट्टीवरच्या प्याद्याने ते मारलं. वजीर ई१ वरून एच४ वर आला. काळ्यांनी हत्ती जी८ ला आणला, घोड्याने एफ६ चं प्यादं मारलं आणि एच७ वर मात दिसू लागली. ती टाळायला हत्ती जी७ वर चढवावा लागला. पांढऱ्यांचा हत्ती जी३ वर येताच काळ्यांनी अखेर उंट देऊन तो घोडा मारला. पण आता पांढऱ्यांचा वजीर एफ६ वर बसला आणि जी७ चा हत्ती राजासमोर खिळला. अठ्ठाविसाव्या चालीला काळ्यांनी डाव सोडला.

"मग काळ्यांनी करायचं काय होतं?" नाईकाने विचारलं. त्याच्या दृष्टीने खरा प्रश्न हाच होता.

आम्ही पट परत तेराव्या चालीवर आणला. एफ५ झालंय, ई६ च्या उंटावर हल्ला आहे. त्याला सी४ वर नेऊन मारामारी करायच्या ऐवजी डी७ वर मागे घेऊ. पुढच्या चालीत तो सी६ वर येतो. तिथून ई४ वर दाब येतो आणि डी५ वर पहारा राहतो. आता पांढऱ्यांनी तसाच घोडा मारून आपला घोडा डी५ वर बसवला, तर सी६ चा उंट त्याला मारेल आणि पांढऱ्यांना ई४ च्या प्याद्याने परत मारावं लागेल. घराचा ताबा घोड्याऐवजी प्याद्याकडे गेला. त्यातच ई४ रिकामं झालं, म्हणजे काळ्यांचं ई५ चं प्यादं पुढे सरकू शकतं, आणि ते सरकलं की एफ६ वरच्या त्याच काळ्या उंटासमोर बी२ पर्यंतची तिरपी वाट उघडते. राजाच्या बाजूला पांढऱ्यांचा हल्ला तरीही आला असता, तो काही थांबत नव्हता. पण मेलेला सेल जिवंत झाला असता.

म्हणजे तोच उंट, तीच मोहरी. फरक एका पहारेकऱ्याचा.

आपल्यातले जे डोंगरात राहिलेत त्यांना हे वेगळं समजवायला नको. पिकेट उंचावर आहे म्हणून भक्कम ठरत नाही. तिथे चढायच्या वाटा कुणाच्या ताब्यात आहेत, ते आधी बघतात.

उलट बाजूही त्या रात्री दाखवली. मधली प्यादी मारामारीत निघून गेली आणि पटाच्या दोन्ही टोकांना प्यादी उरली, की घोड्याचे हाल होतात. उंट एका चालीत पटाच्या या टोकापासून त्या टोकाला जातो, घोड्याला तीन-चार चाली लागतात. त्याला टेकायला पक्कं घर नसेल तर तो नुसता पळत राहतो. म्हणून उंटवाल्याने मधली प्यादी फोडायची वाट शोधायची आणि घोडेवाल्याने ती बंद ठेवायची. आपला कुठला मोहरा देतोय हे ठरवण्याआधी, पुढच्या पाच चालींत प्यादी कुठे असतील हे बघायचं.

बर्फ वितळला, त्याची रजा आली. एका रविवारी रात्री त्याचा फोन आला. स्पर्धेत पांढरी मोहरी मिळाली होती. त्याने तीन प्रश्न विचारले, दोन पहारेकरी मोजले, आपला उंट देऊन एक उचलला, दुसराही उचलला, आणि घोडा बी५ वर बसवला. कुणी हलवू शकत नव्हतं.

"मग जिंकलास?"

"बरोबरी, साहेब. लढाई सगळी राजाच्या बाजूला झाली. त्याचा उंट एका चालीत तिकडे पोचला. माझा घोडा पक्का बसला होता, पण तिथून काही दिसतच नव्हतं."

चौथा प्रश्न मी त्याला सांगायला विसरलो होतो. तो त्याने स्वतःच शोधला.