एका अनोळखी माणसाचं 'नाही'

जून 2023. शाळा सुरू होऊन आठवडा झाला होता. दहावीच्या वर्गात एक मुलगी नवीन पुस्तकांचा गठ्ठा घेऊन आली. मी सहज विचारलं, कुठून आणलीस? म्हणाली, "सर, अब्बू मुंबईला जाऊन आले. भेंडीबाजारातून." तिचे अब्बू तारापूर एमआयडीसीत शिफ्टवर असतात. एक दिवसाची हजेरी बुडवून, बोईसरहून लोकल पकडून हा माणूस उर्दू माध्यमाच्या पुस्तकांसाठी मुंबईला गेला होता. आणि तीच बालभारतीची पुस्तकं आमच्या शाळेपासून दहा मिनिटांवरच्या स्टेशनरीच्या दुकानात, वह्यांच्या मागच्या फळीवर, छापील किमतीत पडून होती. आठवीपर्यंतची पुस्तकं शाळेतून मोफत मिळतात, त्यामुळे नववीत आल्यावर ती कुठे विकत मिळतात हेच बऱ्याच पालकांना ठाऊक नसतं.

मी पालकांना फोन केला. ते म्हणाले, "सर, मी गूगलवर पाहिलं होतं. त्या दुकानाखाली लिहिलंय की उर्दूची पुस्तकं नाहीत."

संध्याकाळी मी स्वतः पाहिलं. नकाशावर दुकानाचं नाव, एक जुना फोटो, आणि खाली प्रश्नोत्तरांचा भाग. कोणीतरी विचारलं होतं, `Urdu medium 10th ki book milegi?` खाली दुसऱ्याच कोणीतरी उत्तर दिलं होतं, `No only notebook and xerox`. आठ महिन्यांपूर्वी. हा उत्तर देणारा बहुधा एकदा झेरॉक्स काढायला आला असेल. त्याने खोटं सांगितलं असं मला वाटत नाही. त्याला जे दिसलं ते त्याने लिहिलं.

दुकानाचे चाचा साठीच्या पुढचे. त्यांना मोबाइल दाखवला तर म्हणाले, "हे कोणी लिहिलं? माझ्या दुकानाबद्दल मला न विचारता?"

त्यांचा राग रास्त होता, पण नियम तसाच होता. हा भाग 2017 मध्ये सुरू झाला तेव्हापासून कोणीही विचारू शकत होतं आणि कोणीही उत्तर देऊ शकत होतं. मालकाला दुसऱ्याचं उत्तर खोडता येत नव्हतं. तक्रार करता येत होती, पण शिवीगाळ किंवा जाहिरातबाजी असेल तर तिचा उपयोग. उत्तर नुसतं चुकीचं असणं हा काही नियमभंग नव्हे. उपाय एकच, मालकाने स्वतःच्या खात्यातून उत्तर द्यायचं. त्या उत्तरावर 'मालक' अशी खूण दिसायची आणि ज्या उत्तराला जास्त लाइक ते वर यायचं.

पण खातं कोणाचं? चाचांच्या भाच्याचं. त्याने चार वर्षांपूर्वी ते उघडलं आणि नंतर तो कामाला आखातात गेला. सूचनांचे ईमेल त्याच्या जुन्या पत्त्यावर जात होते, जो तो उघडतच नव्हता. आठ महिन्यांचं सारं रहस्य एवढंच. त्याला व्हॉट्सअॅपवर गाठलं, त्याने सेटिंगमधल्या `People and access` मध्ये जाऊन चाचांचा ईमेल जोडला. ज्यांनी दुकानाचं प्रोफाइल दुसऱ्याकडून करून घेतलंय त्यांनी आधी हेच तपासावं.

मग चाचांच्या नावाने उत्तर लिहिलं: "हो, उर्दू माध्यमाची नववी आणि दहावीची बालभारतीची पुस्तकं मिळतात. एखादं संपलं असेल तर मागवून देतो." त्यानंतर काउंटरवर रोज विचारले जाणारे तीन प्रश्न आम्ही स्वतःच विचारले आणि स्वतःच उत्तरं दिली. याला मनाई नव्हती. सुटं पुस्तक मिळतं का, की पूर्ण संचच घ्यावा लागतो? शुक्रवारी दुपारी दुकान किती वेळ बंद असतं? जुनी पुस्तकं घेता का? ज्या पालकांनी खरोखर पुस्तकं नेली त्यांतल्या काहींनी लाइक दिलं आणि ते 'नाही' खाली गेलं.

पोस्टचं काम वेगळं. मालकाच्या खात्याने लॉगिन करून गूगलवर दुकानाचं नाव शोधलं की `Add update` दिसतं. चाचांच्या मुलाने उत्साहाने पहिली पोस्ट टाकली, "आमच्याकडे सर्व प्रकारचं शालेय साहित्य योग्य दरात मिळेल, संपर्क करा," आणि पुढे मोबाइल नंबर. ती नाकारली गेली. पोस्टच्या मजकुरात फोन नंबर चालत नाही. त्यासाठी कॉलचं बटण असतं. पण नंबर काढला असता तरी ती पोस्ट निरुपयोगी होती, कारण "सर्व प्रकारचं शालेय साहित्य" असं कोणी शोधत नाही. शोधणारा शोधतो ते एक पुस्तक.

दुसरी पोस्ट मी त्याच्याबरोबर बसून लिहिली. फळीचा फोटो, पुस्तकांचे कणे वाचता येतील असा. मजकूर: दहावी, उर्दू माध्यम, विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग 1 व 2, गणित भाग 1 व 2 आज आले आहेत, भूगोल सध्या नाही. शेवटी एक ओळ रोमन लिपीत: `Urdu medium 9th 10th books, Boisar`. ही ओळ मला उर्दूचा शिक्षक म्हणून जरा बोचली. पण आमचे पालक घरी उर्दू बोलतात, मुलांच्या वहीत उर्दू वाचतात आणि मोबाइलवर इंग्रजी अक्षरांत टाइप करतात. माणूस ज्या लिपीत विचारतो त्या लिपीत उत्तर हवं.

"भूगोल नाही" हे लिहायला चाचा तयार नव्हते. "नाही म्हणून कोण जाहिरात करतं?" पण भूगोलासाठी येऊन परत गेलेला माणूस पुढच्या वेळी बाकीच्यासाठीही येत नाही, हे त्यांना पटलं.

मुलाला एक गोष्ट मात्र करू दिली नाही. त्याला दुकानाच्या नावातच 'उर्दू बुक्स बोईसर' घालायचं होतं. पाटीवर जे नाव आहे तेच प्रोफाइलवर हवं, नाहीतर प्रोफाइल निलंबित होऊ शकतं.

फरक पडला का? `Performance` मध्ये लोकांनी कोणते शब्द शोधले आणि दुकान दिसलं त्याची यादी असते. आधी तिथे दुकानाचं नाव आणि झेरॉक्स एवढंच होतं. जुलैच्या यादीत तळाशी `urdu book shop boisar` आलं, समोर `<15`. म्हणजे महिन्यात पंधराहूनही कमी. चाचा हिरमुसले. मी म्हटलं, वर्गात दहावीची मुलं किती? पोस्टने दुकान नकाशावर वर सरकतं असं मी कोणाला सांगणार नाही. पालघरमध्ये उभ्या माणसाला आधी पालघरचीच दुकानं दिसतात. पण दिसलेल्या दुकानात आपली वस्तू आहे की नाही, हे तिथेच कळतं. शिवाय साधी पोस्ट सहा महिन्यांनी मागे पडते, म्हणून दर जूनला नवी लागते.

प्रश्नोत्तरांचा तो भाग गूगलने 2025 च्या शेवटी काढून घ्यायला सुरुवात केली. मग चाचांच्या मुलाने तीच उत्तरं दुकानाच्या वर्णनात घातली. तिथे 750 अक्षरांची मर्यादा आहे, त्यामुळे "जुनी पुस्तकं घेत नाही" हे वाक्य कापावं लागलं. आता तेवढं विचारायला लोक काउंटरवर येतात.