शून्यापाशी

बेंगळुरूत मल्लेश्वरमला मी बीएस्सीच्या मुलांना घरी गणित शिकवतो. दरवर्षी कॅल्क्युलसमध्ये एका फंक्शनशी आम्ही थांबतो: f(x) = x² sin(1/x), आणि f(0) = 0. या वर्षी बेळगावची एक मुलगी फळ्यापाशी आली. तिने सूत्रे भराभर लावली आणि लिहिले: f'(x) = 2x sin(1/x) − cos(1/x). मग म्हणाली, "सर, x शून्याकडे गेला की cos(1/x) कुठेच स्थिरावत नाही. म्हणजे शून्यावर डेरिव्हेटिव्ह नाही."

आकडेमोड बरोबर होती, निष्कर्ष चुकला होता. ही चूक मला दरवर्षी भेटते आणि मी तिची वाट पाहतो, कारण ती मन लावून काम करणारी मुलेच करतात. ते सूत्र x ≠ 0 साठी आहे. शून्याबद्दल ते काही सांगतच नाही. तिथे व्याख्येकडेच जावे लागते. मी तिला म्हटले, "शून्यापासून h अंतरावर जा आणि भागाकार काढ."

तिने लिहिले: (h² sin(1/h) − 0)/h = h sin(1/h). साइन −१ ते १ च्या बाहेर जात नाही, म्हणून ही राशी |h| पेक्षा मोठी होत नाही आणि शून्याकडे जाते. f'(0) = 0. डेरिव्हेटिव्ह आहे.

ती फळ्याकडे बघत राहिली. "पण सर, शेजारी उतार तर एकपर्यंत जातोय ना?"

जातो. x = 1/(200π), म्हणजे सुमारे ०.००१५९१५, इथे उतार −१. x = 1/(201π), म्हणजे सुमारे ०.००१५८३६, इथे +१. शून्याच्या कितीही जवळ गेलो तरी अशा जोड्या सापडतातच. म्हणून f' ला शून्यापाशी सीमा नाही आणि तो तिथे संतत नाही.

हे एकाच वेळी कसे खरे असते, ते लाटा मोजल्या की दिसते. x पाशी लाटेची उंची सुमारे x². 1/x मध्ये 2π चा फरक पडला की एक लाट पूर्ण होते, म्हणून लाटेची रुंदीही सुमारे 2πx². x = ०.०१ घेतला तर उंची ०.०००१ आणि रुंदी साधारण ०.०००६३. उंची आणि रुंदी दोन्ही एकाच प्रमाणात आटतात, म्हणून उतार सौम्य होत नाही. पण शून्यापासून त्या बिंदूपर्यंत रेघ ओढली तर x² उंचीला x ने भागले जाते, आणि ती रेघ आडवी पडत जाते. शून्यावरचा डेरिव्हेटिव्ह या रेघा बघतो, लाटांचे चढउतार बघत नाही.

तिने घाताचा दोन पुसून तीन केला. पुन्हा सूत्र, पुन्हा व्याख्या. आता उंची x³, रुंदी मात्र तीच. मग स्वतःशीच म्हणाली, "आता उतारही x सोबत विझतोय."