नातं संपलं, फोन मात्र चालूच

प्रिय सोनू,

तू पाठवलेले सगळे स्क्रीनशॉट वाचले. ‘मावशी म्हणून नको, समुपदेशक म्हणून वाच’ असं तू बजावलंयस. ते काही मला पूर्ण जमलं नाही. फोनवर बोलायचं टाळून पत्र लिहितेय, कारण फोनवर तू मध्येच ‘पण तो वाईट नाहीये गं’ म्हणतेस आणि माझं पुढचं सगळं बोलणंच खुंटतं.

तर आधी तेच. तो वाईट नाहीये. एवढ्या मेसेजांत कुठे धमकी नाही, शिवी नाही. ‘लग्नाचं काही जमेलसं वाटत नाही, इथेच थांबूया’ हे त्यानं समोर बसून सांगितलं, तेवढा धीटपणाही सगळ्यांच्यात नसतो. ‘पण मैत्रीण म्हणून राहा’ म्हणाला, तू हो म्हणालीस. आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळचं गुड मॉर्निंग, दुपारचं ‘जेवलीस का?’ आणि रात्री साडेनऊचा फोन, सगळं जिथल्या तिथे.

मी मजकुरापेक्षा वेळा बघत होते. त्या मंगळवारचंच बघ. तू ऑफिसच्या मुलींबरोबर जेवायला गेली होतीस. साडेनऊला त्याचा फोन, तू उचलला नाहीस. लगेच ‘बिझी?’ वीस मिनिटांनी ‘कुणाबरोबर आहेस?’ सव्वादहाला ‘ठीक आहे. झोप.’ बुधवारी सकाळी गुड मॉर्निंग नाही. दुपारी दोन वाजता तूच लिहिलंस, ‘सॉरी रे, काल जमलंच नाही.’ मग रात्री जवळजवळ तासभर फोन, त्यात त्याच्या मॅनेजरचं गाऱ्हाणं सविस्तर आणि तुझ्या इंटरव्ह्यूला ‘अरे वा!’

सोनू, सॉरी कशाबद्दल? तुझी केतकी आठ-आठ दिवस फोन उचलत नाही. तू तिला चार शिव्या घालतेस आणि पुढच्या फोनवर दोघी खिदळता. तिथे रुसवा नाही, हजेरी नाही. इथे एक फोन चुकला तर खुलासा द्यावा लागतो. ‘कुणाबरोबर आहेस’ हा प्रश्न विचारायचा हक्क त्यानं स्वतःहून सोडला होता. तो सोडून त्याला मोकळीक मिळाली, पण प्रश्न मात्र त्यानं ठेवून घेतला. जबाबदारी गेली, सवय राहिली. तो हे मुद्दाम करतोय असं मला वाटत नाही. त्याला एकटं पडायचं नाहीये, आणि रात्री साडेनऊची ती पोकळी भरायला तू अजून आहेस. जो नातं मोडतो त्याला असं हळूहळू, सोयीनं बाहेर पडता येतं. त्या सोयीचा खर्च दुसऱ्याच्या खात्यावर पडतो.

नातं तुटल्यावर मैत्री ठेवूच नये, असं मी म्हणत नाही. कॅन्सस विद्यापीठातल्या काही संशोधकांनी 2017 मध्ये याच प्रश्नावर अभ्यास प्रसिद्ध केला. लोक पूर्वीच्या जोडीदाराशी मैत्री का ठेवतात याची ढोबळ चार कारणं त्यांना दिसली: आधार वाटतो म्हणून, व्यवहाराची सोय म्हणून, सभ्यपणा म्हणून, आणि मनातलं प्रेम सरलेलं नसतं म्हणून. आधाराच्या आणि सोयीच्या मैत्रीतून बरं निघण्याची शक्यता जास्त होती, न सरलेल्या प्रेमापोटीच्या मैत्रीतून त्रासच जास्त. आता खरं सांग. तो आधारासाठी फोन करतो हे कळलं. तू कशासाठी उचलतेस? उद्या त्यानं ‘घरचे मुली दाखवतायत’ म्हटलं, तर तुझ्या पोटात काय होईल? काही झालं नाही तर खुशाल मैत्री ठेव. माझा अंदाज तुला माहीतच आहे.

रोजच्या बोलण्यानं काय होतं, हेही तपासलेलं आहे. स्बारा आणि एमरी या दोघा अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी नुकतंच प्रेम तुटलेल्या तरुण मुलामुलींकडून 28 दिवस रोजच्या रोज मनःस्थितीची नोंद करून घेतली. दिवस जातील तसं प्रेम आणि दुःख दोन्ही ओसरत होतं, पण पूर्वीच्या जोडीदाराशी संपर्क असला की ते ओसरणं मंदावत होतं. ‘मला अजून काहीच बरं का वाटत नाही’ असं तू विचारलंयस. वाटणार कसं? रोज रात्री साडेनऊला पाटी कोरी होते.

आणि तू सध्या जे करतेयस, म्हणजे दोन दिवस न उचलणं आणि तिसऱ्या दिवशी राहवलं नाही म्हणून उचलणं, ते तर सगळ्यात वाईट. स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं कबुतरांवर प्रयोग केले होते. दर वेळी दाणा मिळणारं कबूतर दाणा बंद झाल्यावर लवकर टोचायचं थांबतं. कधी मिळेल कधी नाही, अशी सवय लागलेलं कबूतर कितीतरी वेळ टोचत राहतं. तू त्याला हेच शिकवतेयस, की पाच फोन केले तर सहावा उचलला जातो. गंमत म्हणजे तोही तुला तेच शिकवतोय, बुधवारचं गुड मॉर्निंग गाळून.

म्हणून एकदाच, स्पष्ट आणि लेखी सांग. मी असं लिहीन: ‘आपण वेगळे झालो आहोत आणि रोजच्या बोलण्यानं मला त्यातून बाहेर पडता येत नाहीये. दिवाळीपर्यंत फोन आणि मेसेज नकोत. घराच्या डिपॉझिटचं काम असेल तर ईमेल कर. यात तुझ्यावर राग नाही.’ बस. ‘तुला काय वाटतं?’ असं शेवटी घालू नकोस, कारण ती परवानगी मागितल्यासारखं होतं. ब्लॉक करायचं नसेल तर त्याचं चॅट व्हॉट्सॲपवर आर्काइव्हमध्ये टाक, म्हणजे ते यादीत डोळ्यांसमोर येणार नाही. फोनचा आवाज त्याच्या नंबरापुरता बंद कर. आणि त्याचं ‘लास्ट सीन’ बघणं तुझ्याकडूनही थांबव, तोही संपर्कच.

पहिले काही दिवस फोन वाढतील. ‘ताप आलाय’, ‘आईनं तुझी चौकशी केली’, ‘फक्त दोन मिनिटं’. असं व्हायचंच. तेव्हा उचललास तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. अपवाद एकच. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली, तर ती थट्टा समजू नकोस, आणि एकटीनं निस्तरायलाही जाऊ नकोस. त्याच्या भावाला ताबडतोब कळव आणि त्याला 14416 हा टेलिमानसचा सरकारी नंबर दे. त्याला सांभाळण्याचं काम आता त्याच्या माणसांचं.

आणि स्पष्ट नकारानंतरही महिनोन्‌महिने मागे लागला, नवनव्या नंबरांवरून फोन करू लागला, तर तो पाठलाग होतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 नुसार तो गुन्हा आहे. तो त्या थराला जाईल असं मला वाटत नाही. पण तू पाठवलेला तो एक मेसेज तेव्हा पुरावा ठरतो, म्हणूनही तो लेखी हवा.

दिवाळीनंतर काय, ते दिवाळीनंतर. कदाचित महिन्यातून एखादा फोन होईल, कदाचित तोही नको वाटेल.

तुझी,
मावशी

ता.क. डिपॉझिटचे निम्मे पैसे तुझे आहेत, ते संकोचापायी सोडू नकोस. घरमालकांना आणि त्याला, दोघांनाही मार्क करून ईमेल लिही, मसुदा मला आधी दाखव. आणि शनिवारी रात्री साडेनऊला मला फोन कर. तुझ्या आईला दहा वाजता झोप लागते, त्यामुळे जास्त वेळ बोलता येईल.