फोटोतला वेश आणि वेशामागचे हात

३ जानेवारीला, म्हणजे सावित्रीबाईंच्या जयंतीला, इथं किल्लारीत एका शाळेनं वेशभूषा स्पर्धा ठेवली होती. पालकांनी लेकराचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचा आणि तिघांनी क्रमांक काढायचे. चित्रकलेचे सर, एक अंगणवाडीताई आणि मी. कल्पकता, मेहनत आणि व्यक्तिरेखेशी इमान, प्रत्येकी १० गुण, एकूण ३०. सोपं वाटलं. पण आमच्या हातून एका लेकरावर अन्याय होता होता राहिला, म्हणून लिहितोय.

सगळ्यांचे गुण आल्यावर चुरस तीन फोटोंत उरली. नावं काढून आम्ही नुसते नंबर दिले होते. ४ नंबर शिवाजी महाराज : भाड्याचा झगमगीत पोशाख, स्टुडिओतला उजेड. ९ नंबर गाडगेबाबा : पत्र्याच्या भिंतीपुढं काढलेला, जरा अंधारा फोटो. १७ नंबर सावित्रीबाई : नऊवारी आणि हातात पाटी.

माझे गुण अनुक्रमे २२, २५, २३. सरांचे २३, २६, २२. ताईंचे २८, २०, १८. बेरीज केली तर महाराज ७३, गाडगेबाबा ७१, सावित्रीबाई ६३. म्हणजे पहिला नंबर ४ चा. सरांनी निकालाचा कागद लिहायलाही घेतला.

मी म्हणलं, "सर, थांबा जरा. आपण दोघांनी तर गाडगेबाबांनाच पहिलं धरलंय की." गोची इथं होती. माझ्या गुणांत वरच्या-खालच्यात ३ चा फरक, सरांच्यात ४ चा आणि ताईंच्यात १० चा. ताईंचा हात मोकळा, आमचा आखडता. असं असलं की बेरजेत एकाच परीक्षकाचं मत दोघांवर भारी पडतं. यात ताईंची चूक काहीच नाही, पद्धतीची आहे.

मग गुण बाजूला ठेवून प्रत्येकानं लावलेला क्रम मांडला. गाडगेबाबा माझ्याकडं पहिले, सरांकडं पहिले, ताईंकडं दुसरे : बेरीज ४. महाराज तिसरे, दुसरे, पहिले : ६. सावित्रीबाई दुसऱ्या, तिसऱ्या, तिसऱ्या : ८. क्रमांच्या बेरजेत सगळ्यात कमी आकडा तो पहिला. निकाल फिरला.

ताईंना मी विचारलं, "ताई, गाडगेबाबांना मेहनतीत ४ च का हो?" त्या म्हणल्या, "दादा, फाटके कपडे तर घातलेत. त्यात मेहनत कसली?" मग फोटो मोठा करून बघितला. एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीचा तुकडा. डोक्यावर खापर, हातात खराटा. एका पायात चप्पल, दुसऱ्यात बूट. बाबांचा वेश असाच सांगितला जातो, एकही खूण चुकलेली नव्हती. आणि अंगातला झगा फाटका नव्हता, तुकडे जोडून शिवलेला होता. टाका वाकळीचा. ताई एकदम म्हणल्या, "अगं बाई, हे तर कुण्या आजीच्या हातचं काम!"

महाराजांच्या फोटोत जिरेटोप झकास होता, पण पायात आजकालचे लेसवाले बूट आणि अंगरखा दोन मापं मोठा. पोरगं गोड होतं, त्याचा काही दोष नाही. फक्त मेहनतीच्या रकान्यात आपण दुकानदाराच्या पोशाखाला गुण देत होतो, आणि इमानाच्या रकान्यात कॅमेऱ्याच्या उजेडाला.

पुढच्या वर्षासाठी शाळेला आम्ही पाच गोष्टी सुचवल्यात. फोटोसोबत दोन ओळी मागवा : काय घरी केलं, कुणी केलं, काय भाड्यानं आणलं. गुण देण्याआधी सगळे फोटो एकदा नुसते बघा, नाहीतर पहिल्या चकचकीत फोटोच्या मापानं बाकीचे मोजले जातात. एका लेकराचे तिन्ही रकाने एकदम भरू नका. आधी सगळ्यांची कल्पकता, मग सगळ्यांची मेहनत, मग इमान. इमान ठरवताना त्या व्यक्तीच्या चार-पाच खुणा आधीच कागदावर लिहा आणि फोटो मोठा करून शोधा. शेवटी गुणांची नाही, क्रमांची बेरीज करा.

याला मर्यादा आहेच. मागवलेल्या दोन ओळी कुणी खोट्या लिहिल्या तर फोटोवरून कळणं अवघड. आणि लेकरू त्या वेशात बोलतं कसं, हे फोटो सांगत नाही. त्यासाठी निदान पहिल्या पाचांना समोर बोलवावं.

एवढं मनावर का घेतलं? शाळेत मी वासुदेव झालो होतो. मोरपिसांची टोपी आईनं पुठ्ठ्याची केली होती. तो फोटो १९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे घरासोबत ढिगाऱ्यात गेला. नंबर आला होता का, ते आज आठवत नाही. पुठ्ठ्याला खळ लावणारे आईचे हात तेवढे आठवतात.

तुमच्या गावातल्या शाळेत मेहनतीचे गुण कशाला देतात? हातांना की भाड्याच्या पावतीला? एकदा विचारून बघा.