दोन शाळांच्या सरांचं वेळापत्रक

कर्जत तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी गणित शिकवते आणि शाळेचं वेळापत्रकही मीच लावते. पाचवी ते दहावी, प्रत्येक इयत्तेच्या दोन तुकड्या. सोमवार ते शुक्रवार रोज आठ तासिका, शनिवारी पाच. आठवड्याच्या ४५ तासिका आणि बारा वर्ग, म्हणजे भरायच्या ५४० चौकटी. पूर्वी हे काम मोठ्या कार्डशीटवर पेन्सिलने व्हायचं आणि जूनचा पहिला पंधरवडा वेळापत्रक ‘तात्पुरतं’च असायचं. मंगळवारी पाचव्या तासिकेला एकच मॅडम आठवी अ आणि दहावी ब अशा दोन्हीकडे लागल्या आहेत, हे त्या मंगळवारी पाचवी घंटा झाल्यावरच कळायचं. एक वर्ग गोंगाट करत बसलेला आणि शिपाईमामा स्टाफरूममध्ये मोकळे शिक्षक शोधताहेत, हे दृश्य मला फार खटकायचं. वर्गातल्या मुलांची त्यात काहीच चूक नसते.

एक्सेलमध्ये हा तक्ता मांडताना पहिला निर्णय घ्यावा लागतो तो आडवं काय आणि उभं काय याचा. शिक्षक बघतात ते वेळापत्रक वर्गवार असतं, एका पानावर एक वर्ग. क्लॅश शोधायला ती मांडणी कुचकामी आहे, कारण एकाच वेळी चाललेल्या गोष्टी बारा पानांवर विखुरतात. म्हणून मी एक ओळ म्हणजे एक तासिका अशी मांडणी केली. डावीकडे वार आणि तासिका क्रमांक, पुढे C पासून N पर्यंत बारा वर्ग. चौकटीत फक्त शिक्षकाचा संकेत. असं केलं की प्रश्न सोपा होतो: एका आडव्या ओळीत तोच संकेत दोनदा आला का? सगळा तक्ता निवडून कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये हे सूत्र दिलं आणि रंग लाल निवडला:

```
=AND(C2<>"",COUNTIF($C2:$N2,C2)>1)
```

डॉलरचं चिन्ह अक्षरांच्या आधी आहे, आकड्यांच्या आधी नाही. त्यामुळे सूत्र खालच्या ओळीवर जातं तेव्हा ओळ बदलते, पण शोध C ते N याच पट्ट्यात राहतो. हे चिन्ह चुकलं की रंग येतो, पण भलत्याच चौकटींना येतो, आणि ते पटकन लक्षात येत नाही. म्हणून सूत्र लावल्यावर मी मुद्दाम एका ओळीत एकच संकेत दोनदा टाकून बघते. दोन्ही चौकटी लाल व्हायला हव्यात आणि एक पुसली की दोन्ही पांढऱ्या.

लाल रंग नसणं म्हणजे क्लॅश नसणं, असं मात्र धरून चालत नाही. संकेत हाताने टाइप केले की कुणाच्या तरी संकेतापुढे स्पेस पडते. डोळ्यांना ‘ग२’ आणि ‘ग२’ सारखेच दिसतात, एक्सेलला ते वेगळे वाटतात आणि दोन्ही चौकटी पांढऱ्याच राहतात. एका कळफलकावर मराठी दोन आणि दुसऱ्यावर इंग्रजी दोन पडला तरी तेच होतं. यावर उपाय एकच, चौकटीत टाइप करूच द्यायचं नाही. डेटा व्हॅलिडेशनने संकेतांची यादी लावायची आणि त्यातूनच निवडायचं. आणि दुसऱ्या फाइलमधून काही आणायचं असेल तर ‘पेस्ट व्हॅल्यूज’च करायचं. साधं पेस्ट केलं तर तिथली यादी आणि रंगाचे नियम पुसले जातात.

एवढं झाल्यावर नववी आणि दहावीने अडवलं. आमच्याकडे नववी अ आणि नववी ब यांची संस्कृत-हिंदीची तासिका एकाच वेळी असते. दोन्ही तुकड्यांतली संस्कृतची मुलं एका खोलीत जातात, हिंदीची दुसऱ्या. कागदावर नववी अ मध्ये ‘संस्कृत/हिंदी’ लिहितात, नववी ब मध्येही तेच. तक्त्याच्या दृष्टीने संस्कृतच्या मॅडम दोन वर्गांत आहेत, म्हणून लाल. पण हा क्लॅश खरा नाही. अशा खोट्या लाल चौकटी आठवड्याला चार-पाच आल्या की डोळा सरावतो आणि खऱ्या लालकडेही दुर्लक्ष होतं. काही जण अशा चौकटींवरून नियमच काढून टाकतात. ते मला पटत नाही. त्याच मॅडम त्याच वेळी सातवीत लागल्या तर कळणार कसं?

बराच विचार केल्यावर लक्षात आलं की उभा रकाना म्हणजे तुकडी, हेच गृहीत चुकीचं आहे. रकाना म्हणजे एका शिक्षकासमोर एका वेळी बसलेली मुलं. मग नववी संस्कृत, नववी हिंदी, दहावी संस्कृत, दहावी हिंदी असे O ते R चार रकाने वाढवले. त्या तासिकेला नववी अ आणि ब यांच्या चौकटींत ‘गट’ एवढंच निवडायचं आणि शिक्षकांचे संकेत गटांच्या रकान्यांत. पहिल्या सूत्रात पट्टा R पर्यंत वाढवला आणि `C2<>"गट"` ही अट जोडली. खोटे लाल गेले, खरे राहिले.

पण यातून वेगळ्याच प्रकारचा क्लॅश जन्मतो, तो मुलांचा. संस्कृतचा गट भरलाय आणि नववी ब मध्ये ‘गट’ निवडायचं राहून तिथे भूगोल तसाच आहे. शिक्षक मोकळे, खोल्या मोकळ्या, पण तीच मुलं दोन ठिकाणी अपेक्षित. त्यासाठी नववीच्या दोन रकान्यांना, K आणि L ला, वेगळा नियम आणि वेगळा रंग, केशरी:

```
=(K2="गट")<>(COUNTA($O2:$P2)>0)
```

गट भरला आणि वर्ग सुटला नाही, किंवा वर्ग सुटला आणि गट रिकामा, दोन्ही वेळा चौकट केशरी होते. दहावीलाही असंच.

खोल्यांसाठी शेजारी दुसरं शीट, हुबेहूब त्याच मांडणीचं, फक्त चौकटीत खोलीचं नाव. तिथे मोह होतो की प्रत्येक वर्गाची आपली खोली ठरलेलीच आहे, तेव्हा वर्ग प्रयोगशाळेत किंवा संगणक कक्षात जाईल तेवढंच लिहावं. पण मग दहावी संस्कृतला सातवी अ ची खोली दिली आणि सातवी अ त्या वेळी आपल्याच खोलीत असेल, तर तिची चौकट कोरी असल्यामुळे काही दिसत नाही. म्हणून ‘गट’ सोडून प्रत्येक चौकट भरायची. मैदान तेवढं अपवाद. तिथे आमच्याकडे दोन वर्ग एका वेळी खेळतात, तिसरा मावत नाही:

```
=AND(C2<>"",COUNTIF($C2:$R2,C2)>IF(C2="मैदान",2,1))
```

लाल रंग चूक कुठे आहे ते सांगतो, दुरुस्ती सांगत नाही. मंगळवारच्या पाचव्या तासिकेचंच घ्या. आठवी अ मधलं गणित तिसऱ्या तासिकेला नेलं आणि तिथलं हिंदी पाचवीला आणलं. गणित पांढरं झालं, पण हिंदीचे सर पाचव्या तासिकेला नववीच्या गटात होते, तिथे लाल उठलं. हिंदीच्या जागी इतिहास आणावा, तर त्या मॅडम सहावीत. शेवटी शनिवारच्या दुसऱ्या तासिकेची चित्रकला आणि गणित यांची अदलाबदल केली तेव्हा ते सुटलं. लाल चौकट अशी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी उडी मारते. शिक्षक कोणत्या वेळी मोकळे आहेत अशा अटी आल्या की हे वेळापत्रक बसवण्याचा प्रश्न गणिताच्या दृष्टीने किती अवघड वर्गात मोडतो, ते इव्हन, इटाई आणि शमीर या तिघांनी १९७६ साली सिद्ध केलं आहे. चूक तपासणं सोपं आणि बिनचूक रचणं अवघड, हा फरक त्या तक्त्यासमोर बसल्यावर चांगलाच जाणवतो. माझा क्रम आता ठरलेला आहे: ज्यांना हलायला जागा नाही ते आधी. गट, मग प्रयोगशाळा आणि संगणक कक्ष, मग भाषा-गणित, आणि सगळ्यात शेवटी ज्यांच्या तासिका कुठेही बसतात ते विषय.

चित्रकला मी याच शेवटच्या रांगेत धरत होते. पण आमचे चित्रकलेचे सर संस्थेच्या दोन शाळांत शिकवतात. दुसरी शाळा खालापूर तालुक्यात, खोपोलीजवळ, सकाळच्या सत्रात भरते, आमची अकराला. आमच्या तक्त्यात ते एकदाही लाल होत नव्हते, त्या दुसऱ्या शाळेच्या तक्त्यातही नाही. तरीही बुधवारी ते आमच्या तिसऱ्या तासिकेला धापा टाकत, निम्मी तासिका गेल्यावर पोचायचे. “मॅडम, गाडीच नाही हो त्या वेळेला,” एवढंच म्हणायचे आणि खडू उचलायचे.

कर्जत-खोपोली मार्ग एकेरी आहे. मध्ये पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी. गाडीत बसल्यावर अर्धा तासही लागत नाही, पण दोन गाड्यांमधलं अंतर मोठं असतं आणि एक चुकली की खरा वेळ फलाटावर जातो. म्हणजे त्यांच्या बाबतीत तासिका क्रमांक निरुपयोगी. तिथली सातवी आणि इथली पहिली यांची तुलनाच होत नाही. तिथे घड्याळाची वेळ लागते आणि तिच्यात प्रवास मिळवावा लागतो.

मग तिसरं शीट केलं. A मध्ये वार, B मध्ये शिक्षक, C मध्ये सुरुवात, D मध्ये शेवट, E मध्ये शाळा. दोन्हीकडे जाणाऱ्या शिक्षकांच्याच तासिका इथे. त्याच वारी, त्याच शिक्षकाची, दुसऱ्या शाळेतली तासिका सव्वा तासाच्या आत येत असेल तर लाल:

```
=COUNTIFS($A$2:$A$60,$A2,$B$2:$B$60,$B2,
 $E$2:$E$60,"<>"&$E2,
 $C$2:$C$60,"<"&$D2+TIME(1,15,0),
 $D$2:$D$60,">"&$C2-TIME(1,15,0))>0
```

बुधवारी त्यांची तिकडची तासिका ११.१० ला संपते. आमची तिसरी १२.१० ला सुरू होते. साठ मिनिटं कागदावर भरपूर वाटतात, पण ११.१० मध्ये सव्वा तास मिळवला की १२.२५ होतात, म्हणून ती ओळ लाल झाली. चौथी तासिका १२.४५ ची, तिथे नेल्यावर लाल गेलं. सव्वा तास हा आकडा मी मनाने घातलेला नाही, सरांना विचारून घातला. वर्गातून फलाट, गाडीची वाट, प्रवास, आणि इकडे स्टेशनवरून शाळेपर्यंतची रिक्षा, असा त्यांनी हिशेब मांडला.

दुसऱ्या शाळेच्या वेळा बदलल्या की त्या या शीटमध्ये आपोआप येत नाहीत. परीक्षेच्या काळात तिकडचं सत्र मागे-पुढे होतं आणि माझ्याकडे जुन्याच वेळा पांढऱ्याशुभ्र उभ्या असतात. म्हणून तिथल्या पर्यवेक्षकांशी ठरवून घेतलंय की घंटा बदलणार असेल तर आदल्या दिवशी मला मेसेज यायचा. पावसाळ्यात गाड्या उशिरा धावतात तेव्हा सव्वा तासही पुरत नाही. त्यासाठी जून ते सप्टेंबर TIME मधला आकडा मी दीड तास करते. त्याने शुक्रवारची आणखी एक ओळ लाल होते, आणि ती चित्रकलेची तासिका चार महिने शनिवारी घ्यावी लागते.