पत्रकावरची मुलगी

आदरणीय देणगीदारांस,


यंदाचं पत्रक मिळाल्यावर तुमच्यापैकी काहींनी विचारलं, की वसतिगृहातल्या मुलांचे फोटो कुठे गेले आणि ही संगणकानं काढलेली चित्रं कशाला? एका काकांनी तर स्पष्टच म्हटलं, ‘मुलं खरी असतील तर दाखवायला काय हरकत?’ प्रश्न रास्त आहे. पत्रक मीच करते, तेव्हा उत्तरही मीच द्यायला हवं.

मागच्या पत्रकावरची मुलगी तुम्हाला आठवत असेल. उसाच्या फडात, हातात कोयता, कडेवर धाकटा भाऊ. मुलांना हंगामात गावीच वसतिगृहात ठेवा, असं पालकांना सांगायला आम्ही फडावर गेलो होतो, तेव्हाचा तो फोटो. पुढे ती वसतिगृहात आलीही. त्याच दिवशीच्या दुसऱ्या फोटोत ती भावाला खदखदून हसवते आहे. मी तो बाजूला ठेवला आणि केस विस्कटलेले आणि डोळे भरल्यासारखे दिसणारा निवडला. डोळे खरं तर उन्हानं बारीक झाले होते. खाली तिचं नाव, गाव, इयत्ता छापली.

संमती होती. प्रवेशअर्जाच्या तळाशी फोटोबद्दलची एक ओळ असते, तिच्याखाली वडिलांचा अंगठा होता. पण मुलीची राहायची-जेवायची सोय ज्या कागदावर होणार, त्याच कागदावर ते नाही कसं म्हणणार? मुलीला तर कोणी विचारलंच नव्हतं.

पत्रक फिरत फिरत तिच्या शाळेत पोचलं. वर्गात तिला कोयत्यावरून चिडवायला लागले. मुकादमानं वडिलांना फैलावर घेतलं, कारण फोटोत मागे दिसणाऱ्या ट्रॉलीवर कारखान्याचं नाव वाचता येत होतं. उचल घेतलेला माणूस त्याच्यापुढे काय बोलणार? तिनं मला विचारलं, ‘ताई, ते परत घेता येतं का?’ येत नव्हतं. कागद घरोघर गेले होते आणि त्यांचे फोटो व्हॉट्सअॅपवर.

बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 74 नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. आमचं प्रत्येक मूल त्या व्याख्येत बसतंच असं नाही. पण कायदा मोडून कामाला लावलेलं मूल बसतं, आणि मी तर कोयत्यासकट फोटो छापला होता. डोळ्यांवर काळी पट्टी लावून पाहिली. गावातला माणूस फ्रॉकवरून, भावावरून ओळखतोच. शिवाय पट्टीमुळे मूल आरोपीसारखं दिसतं.

म्हणून चित्रांकडे वळलो, आणि तिथेही मी आधी घोळच घातला. तोच फोटो चित्र बनवणाऱ्या एआय प्रणालीत टाकून ‘याचं चित्र कर’ म्हटलं. चेहरा हुबेहूब तिचाच आला आणि फोटो एका परक्या कंपनीकडे गेला तो वेगळाच. ते चित्र टाकून दिलं. आता खऱ्या मुलाचा फोटो नमुना म्हणूनही वापरायचा नाही, फक्त शब्दांत वर्णन द्यायचं.

नुसत्या वर्णनावरून पुढचं चित्र इतकं फोटोसारखं आलं, की आमच्याच एका सहकाऱ्यानं विचारलं, ‘हिला कितवीत घातलं?’ जी नाहीच, तिची ही चौकशी ऐकून मी चपापले. 2023 मध्ये अॅम्नेस्टी इंटरनॅशनलनं कोलंबियातल्या 2021 च्या आंदोलनांबद्दल लिहिताना एआय चित्रं वापरली होती. आंदोलकांची ओळख जपण्यासाठी, असं त्यांचं म्हणणं होतं आणि चित्रांवर तशी सूचनाही होती. तरी टीका झाली आणि ती चित्रं मागे घ्यावी लागली. फोटोसारखं चित्र पुरावा असल्याचा आव आणतं. म्हणून आमची चित्रं जलरंगातली दिसतात, आणि प्रत्येकाखाली छापलं आहे: ‘हे चित्र संगणकनिर्मित आहे. यातलं मूल काल्पनिक आहे.’

‘गरीब ऊसतोड मुलगी’ एवढंच लिहिलं, तर फाटके कपडे, गालावर चिखल आणि टपोरे अश्रू हमखास येतात, म्हणजे मी निवडलेला फोटोच, आणखी भडक. मग वर्णन बदललं: वेणी घातलेली मुलगी, पाटीवर गणित, शेजारी ताट. पाटीवर देवनागरीसारखी दिसणारी अगम्य अक्षरं उमटली. ती पुसून पाटी कोरी ठेवली. ऊस बांबूसारखा आला आणि कोयत्याऐवजी विळा. दोन्ही चित्रांतून काढले. फडाची कोपी मात्र एका आईला दाखवून सुधारून घेतली. दार फार उंच आहे, वाकून आत जावं लागतं, असं ती म्हणाली.

चित्रकाराला काम का दिलं नाही, असंही कोणी विचारेल. पैसे वाचवले, एवढंच खरं उत्तर आहे आणि ते मला स्वतःला पुरेसं वाटत नाही.

चित्रावरून मुलं खरी आहेत हे कळणार नाही, हे काकांचं म्हणणं मान्य. त्यासाठी हजेरीची मासिक संख्या आणि लेखापरीक्षित हिशेब पत्रकाच्या मागच्या पानावर दिले आहेत. वसतिगृह पाहायला जरूर या. फोन मात्र कार्यालयात ठेवावा लागेल.

आणि मागचं पत्रक घरात असेल, तर कृपया फाडून टाका. मोबाइलमध्ये असेल तर पुसून टाका आणि ज्यांना पाठवलं असेल त्यांनाही कळवा.

आपली नम्र,
एक स्वयंसेविका